द्राव्य, द्रावक, द्रावण, मिश्रण, संयुग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी-नववीच्या विज्ञानाच्या वह्या तपासताना एक वाक्य दरवर्षी भेटतं : ‘साखर हे द्रव्य असून पाणी हे द्रावण आहे.’ गंमत म्हणजे यातला पहिला अर्धा भाग चुकून खरा आहे. साखर हे द्रव्य आहेच, जसं पाणी आहे, खडू आहे, आपण आहोत. मुलाला लिहायचं होतं ‘द्राव्य’, फक्त एक काना राहून गेला. दुसरा अर्धा भाग मात्र साफ चूक आहे. मुलं आणि त्यांचे पालक या पाच शब्दांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

द्राव्य, द्रावक आणि द्रावण यांत कायम उलटापालट होते. लक्षात कसं ठेवायचं?

हे तुम्ही चौथीतच शिकलात, फक्त गणिताच्या तासाला. १२ ला ३ ने भागलं की १२ हा भाज्य आणि ३ हा भाजक. ज्याला भागायचं तो भाज्य, जो भागतो तो भाजक. गुण्य-गुणक यांचंही तसंच. वाघ आणि हरीण घ्या : हरीण भक्ष्य, वाघ भक्षक. शेवटी ‘य’ आला की क्रिया त्याच्यावर होते, शेवटी ‘क’ आला की क्रिया तो करतो.

आता ‘द्रु’ हा संस्कृत धातू घ्या. त्याचा अर्थ वाहणं, पातळ होणं. त्यावरून ज्याला विरघळवायचं ते द्राव्य, जो विरघळवतो तो द्रावक, आणि या क्रियेतून जे हाती येतं ते द्रावण. सरबतात साखर द्राव्य, पाणी द्रावक आणि पेल्यातलं सरबत हे द्रावण. म्हणजे तीन सुटे शब्द पाठ करायचे नाहीत. शब्द एकच आहे, त्याची शेपटी तेवढी बदलते.

जाता जाता : ‘द्रावन’ असं लिहू नका. शब्दात आधी र आला की पुढच्या ‘न’चा बऱ्याचदा ‘ण’ होतो. म्हणून पाचन आणि दहन, पण मिश्रण आणि द्रावण.

मग द्रव आणि द्रव्य कोण?

हे दोघं त्याच गल्लीत राहतात, म्हणून पत्ता चुकतो. द्रव ही अवस्था आहे : स्थायू, द्रव, वायू यांतली मधली. द्रव्य म्हणजे ज्याला वस्तुमान आहे आणि जे जागा व्यापतं ते काहीही. जुन्या मराठीत द्रव्य म्हणजे पैसाअडका, पण विज्ञानाच्या पुस्तकात तो अर्थ बाजूला ठेवायचा. मूलद्रव्य या शब्दातलं द्रव्य हेच.

खरा गोंधळ द्रव आणि द्रावण यांत होतो, कारण आपण पाहतो ती बहुतेक द्रावणं पातळच असतात. पण शुद्ध पाणी हा द्रव आहे, द्रावण नाही. पाराही द्रव आहे, द्रावण नाही. द्रावण व्हायला किमान दोन पदार्थ लागतात.

आणखी एक जवळचा शब्द आहे विद्राव्य. तो गुण सांगतो. डब्यात पडलेली साखर पाण्यात विद्राव्य आहे, खडूची भुकटी जवळपास अविद्राव्य आहे. द्राव्य ही मात्र भूमिका आहे. साखर पाण्यात पडून विरघळली की त्या द्रावणापुरती ती द्राव्य ठरते.

बर्फ विरघळतो की वितळतो?

वितळतो. घरात आपण ‘आइसक्रीम विरघळलं’ म्हणतो आणि कोणाचं काही बिघडत नाही, पण रसायनशास्त्रात या दोन क्रियापदांमध्ये भिंत आहे. वितळायला उष्णता लागते, दुसरा पदार्थ लागत नाही. विरघळायला दुसरा पदार्थ लागतोच. कढईत नुसती साखर तापवली तर ती वितळते (आणि लगेच तपकिरी होऊन तिचं विघटन सुरू होतं). हीच साखर थंड पाण्यात ढवळली तर ती विरघळते. ‘कशात विरघळली?’ या प्रश्नाला उत्तर असेल तर विरघळणं, नसेल तर वितळणं. वितळून द्रव मिळतो, विरघळून द्रावण मिळतं.

पाचही शब्द एकाच वस्तूत दाखवता येतील का?

येतील, आणि ती वस्तू बहुतेक घरांत औषधाच्या डब्यात असते : ओआरएसचं, म्हणजे जलसंजीवनीचं पाकीट. एक लिटर पाण्यासाठीच्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या पाकिटात २०.५ ग्रॅम पूड असते. त्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ म्हणजे सोडिअम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडिअम सायट्रेट २.९ ग्रॅम. पाकिटाच्या मागे हे आकडे छापलेले असतात, स्वतः वाचून बघा.

या चार पदार्थांपैकी प्रत्येक जण संयुग आहे. ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. ते कारखान्यात मक्याच्या पिठापासून बनवलेलं असो किंवा द्राक्षात तयार झालेलं, C6H12O6 हे प्रमाण ढळत नाही.

पाकिटातली पूड मात्र मिश्रण आहे. चार संयुगं एकत्र आली, पण एकमेकांशी जोडली गेली नाहीत. मीठ मीठच राहिलं, ग्लुकोज ग्लुकोजच राहिलं. त्यांचं आपसातलं प्रमाणही निसर्गाने ठरवलेलं नाही, माणसांनी ठरवलंय. याचा पुरावा हा की २००२ साली ते बदललं. आधीच्या सूत्रात ग्लुकोज २० ग्रॅम आणि मीठ ३.५ ग्रॅम होतं, ते कमी केलं. संयुगाच्या बाबतीत असं करता येत नाही. कोणत्याही समितीने ठराव केला तरी पाण्यातला हायड्रोजन कमी होणार नाही.

आता पूड एक लिटर पाण्यात टाकून ढवळा. पाणी द्रावक, चारही संयुगं द्राव्यं, आणि भांड्यात तयार झालं ते द्रावण. द्राव्य एकच असलं पाहिजे असा काही नियम नाही, इथे चार आहेत.

अर्धं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये टाकलं तर चालेल ना?

टाळा. आणि ते का टाळायचं, याचं उत्तर मिश्रण आणि द्रावण या शब्दांमधल्या फरकात आहे.

कोरडी पूड हे विषमांगी मिश्रण आहे, म्हणजे तिचा प्रत्येक भाग सारखा असेलच असं नाही. दाणे लहानमोठे असतात, पाकीट हाताळताना हलतं, बारीक दाणे तळाशी सरकतात. वरच्या अर्ध्या भागात मीठ किती आलं हे डोळ्यांनी कळत नाही. द्रावण समांगी असतं. एकदा सगळी पूड एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळली की वरचा चमचा आणि तळाचा चमचा यांत मिठाचं प्रमाण तेच. म्हणून आधी पूर्ण पाकिटाचं द्रावण करायचं आणि मग त्यातलं हवं तेवढं घ्यायचं. वाटणी द्रावणाची करावी, पुडीची करू नये. कमी पाण्यासाठी वेगळी छोटी पाकिटं मिळतात. त्यांच्यावर २०० मिली असं लिहिलेलं असतं, तेवढंच पाणी घ्यावं. पाणी कमी घेतलं तर द्रावण जास्त संहत होतं, आणि जुलाब झालेल्या मुलाला ते अपायकारक ठरू शकतं.

मिश्रण आणि संयुग यांतला फरक प्रत्यक्ष कसा दिसतो?

यासाठी लोह आणि गंधक यांचा जुना प्रयोग अजूनही सगळ्यात चांगला आहे. शाळेत करून दाखवायचा असेल तर प्रमाण नीट घ्या : ७ ग्रॅम लोखंडाचा अगदी बारीक कीस आणि ४ ग्रॅम गंधकाची पूड. हे ७ : ४ कुठून आलं? लोहाचं अणुवस्तुमान साधारण ५६, गंधकाचं ३२. दोन्हींना ८ ने भागा.

दोन्ही पुडी खलात एकत्र करा. रंग मळकट पिवळसर-राखाडी होतो. कागदात गुंडाळलेलं चुंबक त्यावरून फिरवलं की लोहाचे कण उडून त्याला चिकटतात, गंधक मागे राहतं. भिंगातून पाहिलं तर पिवळे आणि काळे कण वेगवेगळे दिसतात. हे मिश्रण. प्रमाण ७ : ४ ऐवजी १ : १ घेतलं असतं तरी ते मिश्रणच झालं असतं.

आता त्यातला थोडा भाग परीक्षानळीत घेऊन तापवा. एका जागी लालसर धग दिसू लागली की नळी ज्योतीपासून दूर घ्या. ती धग आपोआप पुढे सरकत जाते. बाहेरून उष्णता न देता ती वाढते, कारण आता आतच रासायनिक अभिक्रिया चालू आहे आणि तीच उष्णता बाहेर टाकते आहे. थंड झाल्यावर नळीत काळा-राखाडी ठोकळा उरतो : लोह सल्फाइड, FeS. त्याची पूड करून चुंबक फिरवा. प्रयोग नीट जमला असेल तर लोह ओढून बाहेर काढता येत नाही. भिंगातून पिवळं काही दिसत नाही.

सर्वांत ठोस खूण आम्लाने मिळते. मूळ मिश्रणावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं तर लोहामुळे हायड्रोजन निघतो. तो शुद्ध असेल तर त्याला वास नसतो. FeS वर तेच आम्ल टाकलं तर सडक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू विषारी आहे, म्हणून हे शिक्षकांनीच, चिमूटभर पूड घेऊन, उघड्या खिडकीजवळ करावं. दोन्ही वेळा लोह तेच, गंधक तेच, आम्लही तेच. तरी निघणारा वायू वेगळा, कारण दुसऱ्या वेळी लोह आणि गंधक जोडले गेले आहेत.

‘संयुग’ हा शब्द हेच सांगतो. सम् म्हणजे एकत्र आणि युज् म्हणजे जोडणं. योग, संयोग, युग्म ही सगळी त्याच धातूची भावंडं. मिसळलेलं मिश्रण, जोडलेलं संयुग.

आम्ही हा प्रयोग केला, तरी काळा ठोकळा चुंबकाला चिकटला. मग संयुग झालंच नाही का?

झालं असेल, पण पूर्ण नाही. नेहमीचं कारण म्हणजे कीस जाड असणं. जाड कणाचा बाहेरचा थर गंधकाशी जोडला जातो आणि आतलं लोह तसंच राहतं. दुसरं कारण, गंधकाचा काही भाग नळीच्या तोंडाशी जळून जातो. निळी ज्योत आणि घसा खवखवणारा धूर दिसला तर तेच झालं असं समजा. गंधक कमी पडलं की लोह उरतं. बारीक कीस घ्या आणि नळीच्या तोंडाशी खनिज लोकरीचा सैल बोळा ठेवा.

पण एक प्रामाणिक अडचण पुढची आहे, जी शालेय पुस्तकात येत नाही. लोह सल्फाइड हे ‘प्रमाण कधीच ढळत नाही’ या नियमाचं फारसं आज्ञाधारक उदाहरण नाही. त्याच्या स्फटिकात लोहाच्या काही जागा रिकाम्या राहू शकतात, म्हणजे लोह १ : १ पेक्षा थोडं कमी असतं. निसर्गात सापडणारं पायऱ्होटाइट हे खनिज असंच आहे, आणि त्याचे काही प्रकार चुंबकाला चिकटतात. प्रूस्टचा स्थिर प्रमाणाचा नियम पाणी, मीठ, ग्लुकोज यांना चोख लागू पडतो, काही स्थायू संयुगांत तो असा थोडा सैल होतो. आठवीच्या उत्तरपत्रिकेत हे लिहायची गरज नाही, पण चुंबकाला ठोकळा किंचित चिकटला म्हणून मुलाचा प्रयोग चुकीचा ठरवायचीही गरज नाही.

मीठ पाण्यात दिसेनासं होतं. मग मीठ आणि पाणी यांचं संयुग होतं असं का म्हणत नाही?

दिसेनासं होणं ही जोडलं गेल्याची खूण नाही. तीन गोष्टी तपासा. पहिली, प्रमाण : १०० ग्रॅम पाण्यात चिमूटभर मीठ टाका किंवा ३० ग्रॅम टाका, दोन्ही द्रावणंच. २५ अंश सेल्सिअसला साधारण ३६ ग्रॅमच्या पुढे मीठ तळाशी बसू लागतं, तेव्हा द्रावण संतृप्त झालं. वरची मर्यादा आहे, पण ठरलेलं एकच प्रमाण नाही. दुसरी, वेगळं करणं : पाणी आटवलं की मीठ परत मिळतं. उरण-पालघरकडच्या मिठागरांत दुसरं काय करतात? समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, उन्हाने पाणी उडून जातं, मीठ उरतं. तिसरी, गुणधर्म : मिठाचं पाणी खारटच लागतं, म्हणजे घटकाचा गुण टिकून आहे. संयुगात तो टिकत नाही. सोडिअम पाण्यात टाकला तर पेट घेतो, क्लोरीन विषारी वायू आहे, आणि त्यांचं संयुग आपण भाजीत घालतो.

तरी एक बारकावा सांगतो. मीठ विरघळताना सोडिअमचे आणि क्लोराइडचे आयन सुटे होतात. त्यामुळे ओआरएसच्या द्रावणातला एखादा सोडिअम आयन मिठातून आला की सायट्रेटमधून, हे सांगायला कोणताही मार्ग नाही. ते पाणी आटवून पाकिटातली चार संयुगं मूळच्या मापात परत मिळतील अशी अपेक्षा करू नका. एकच द्राव्य असेल तेव्हा ‘आटवून परत मिळवा’ ही कसोटी सरळ चालते.

द्रावण हेही मिश्रणच असेल तर वेगळा शब्द कशाला?

कारण प्रत्येक द्रावण मिश्रण असतं, पण प्रत्येक मिश्रण द्रावण नसतं. पुस्तकात मिश्रणाचे समांगी आणि विषमांगी असे दोन गट आहेत, आणि द्रावण समांगी गटात बसतं.

इथे स्वयंपाकघरातला एक शब्द घोटाळा करतो : एकजीव. ‘मिश्रण एकजीव करून घ्या’ म्हटलं की धिरड्याचं पीठ गुठळ्या मोडेपर्यंत फेटायचं. डोळ्याला ते एकसारखं दिसतं, पण अर्ध्या तासाने वर पाणी सुटतं आणि पीठ खाली बसतं. ते निलंबन. हळदीचं पाणीही निलंबन. दूध उभं ठेवलं तरी त्यातले बारीक कण असे तळाशी बसत नाहीत, पण तेही द्रावण नाही, ते कलिल आहे. अंधाऱ्या खोलीत पाण्याच्या पेल्यात दोन थेंब दूध टाकून बाजूने टॉर्च मारा, प्रकाशाचा झोत आतून स्पष्ट दिसेल. मिठाच्या स्वच्छ द्रावणात तो दिसणार नाही.

आणि एकजीव म्हणजे संयुग तर मुळीच नाही. ‘जीव’ एक झाला असं भाषा म्हणते, रसायनशास्त्र म्हणत नाही.

साखरेच्या पाकात साखर पाण्यापेक्षा जास्त असते. मग द्रावक साखर का?

नाही, पाणीच. ‘जे जास्त ते द्रावक’ हा नियम दोन्ही घटक एकाच अवस्थेत असतील तेव्हा कामाचा. २० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात जवळपास २०० ग्रॅम साखर विरघळते, म्हणजे साखर वजनाने दुप्पट. पण द्रावणाची अवस्था पाण्याची राहिली, साखरेची नाही. ज्याची अवस्था टिकते तो द्रावक. टिंक्चर आयोडीनमध्ये म्हणूनच स्पिरिट द्रावक आणि आयोडीन द्राव्य.

द्रावण नेहमी पातळच असतं का?

नाही. हवा हे वायूंचं द्रावण आहे, पितळ हे जस्ताचं तांब्यातलं स्थायू द्रावण. पितळेसारख्या धातूंच्या मिश्रणाला पुस्तकात संमिश्र म्हणतात. शब्द मिश्रणाच्या इतका जवळचा आहे की मुलं तो सर्रास मिश्रणासाठी वापरतात. तसं करू नका, तो धातूंसाठी राखून ठेवलेला आहे.

पंक्चरवाल्याकडचं ‘सोल्युशन’ खरंच द्रावण असतं?

असतं, आणि फार छान उदाहरण आहे. त्या ट्यूबमध्ये रबर हे द्राव्य आणि पेट्रोलच्या जातीचा, पटकन उडून जाणारा द्रव हा द्रावक असतो. म्हणून सोल्युशन लावल्यावर पंक्चरवाला लगेच पॅच चिकटवत नाही. तो दोन मिनिटं वाट बघतो, फुंकर घालतो. द्रावक उडून जायला हवा, मागे रबराचा चिकट थर उरायला हवा. घाई केली तर द्रावक आत अडकतो आणि पॅच सुटतो. उघडी राहिलेली ट्यूब वाळून जाते तेव्हा आतलं रबर कुठे जात नाही, द्रावक तेवढा गेलेला असतो.

आणि दवाखान्यातला कंपाउंडर संयुगं बनवायचा का?

नाही, तो मिश्रणं बनवायचा. इंग्रजीत औषधं मापून एकत्र करण्यालाही कंपाउंड करणं म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. त्याच्या बाटलीवर ‘हलवून घ्यावे’ असं लिहिलेलं असे, कारण आतलं औषध तळाशी बसायचं, म्हणजे निलंबन. सेमी-इंग्रजीतल्या मुलांची इथे दुहेरी पंचाईत होते. त्यांच्या घरी कंपाउंड म्हणजे आवाराची भिंत, गणितात कंपाउंड इंटरेस्ट म्हणजे चक्रवाढ व्याज, आणि विज्ञानात कंपाउंड म्हणजे संयुग. मराठीत या तिन्ही गोष्टींना तीन वेगळे शब्द आहेत. सोल्युशनचंही तसंच : समीकरणाची ती उकल, भांडणावरचा तो तोडगा, आणि बीकरमधलं ते द्रावण. मुलाला इंग्रजी व्याख्या पाठ असूनही कळलं नसेल तर एकदा मराठी शब्द विचारून बघा. अडकलंय कुठे ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

चुनकळी पाण्यात विरघळते की नाही?

हा प्रश्न मला आवडतो, कारण इथे ‘विरघळते’ म्हणणं चुकीचं आहे. चुनकळी म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड. ती पाण्यात पडली की फसफसते, पाणी कडक तापतं आणि कॅल्शिअम हायड्रॉक्साइड हे नवं संयुग तयार होतं. इथे पाणी द्रावक म्हणून नाही, अभिक्रियेत भाग घेणारा पदार्थ म्हणून आलं.

भरपूर पाणी घातलं तर पुढे काय होतं ते पाहा. पांढरं गढूळ पाणी हे निलंबन. ते रात्रभर ठेवलं की चुना खाली बसतो आणि वर स्वच्छ पाणी राहतं, ती चुन्याची निवळी. दिसायला साध्या पाण्यासारखी असली तरी ती खरं द्रावण आहे. एका लिटरमध्ये जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळलेला असतो. फुंकनळीने त्यात श्वास सोडला की ती दुधाळ होते, म्हणजे पुन्हा नवं संयुग, कॅल्शिअम कार्बोनेट, जे पाण्यात जवळपास अविद्राव्य आहे. एका कळीत संयुग, निलंबन, द्रावण आणि परत संयुग असा पूर्ण फेरा होतो.

हिंदीतले व्हिडिओ पाहून अभ्यास केला तर चालेल का?

चालेल, पण शब्द उचलताना जपून. हिंदीत द्राव्याला विलेय, द्रावकाला विलायक आणि द्रावणाला विलयन म्हणतात. ते निदान वेगळे दिसतात, म्हणून धोका कमी. मिश्रण दोन्हीकडे मिश्रणच. संयुगाला हिंदीत यौगिक म्हणतात आणि मूलद्रव्याला तत्त्व, जे मराठी कानाला योगासनं आणि सिद्धांत वाटतात.

खरा धोका सारख्या दिसणाऱ्या शब्दांत आहे. हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू, आणि आपला अणू म्हणजे हिंदीतला परमाणु. ‘पानी के अणु में तीन परमाणु’ हे हिंदी वाक्य बरोबर आहे, पण ते मराठीत ‘पाण्याच्या अणूत’ असं उतरवलं की चुकलं. ऊर्ध्वपातनाचं तर अगदी उलट आहे. मराठीत ऊर्ध्वपातन म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ थंड करून पुन्हा द्रव मिळवणं, आणि कापूर किंवा नवसागर स्थायूतून थेट वायू होतो ते संप्लवन. हिंदीत मात्र ऊर्ध्वपातन म्हणजे हे दुसरं. मीठ आणि नवसागर वेगळे करायच्या प्रश्नाला एका मुलीने ‘ऊर्ध्वपातन’ लिहिलं होतं आणि आकृती मात्र संप्लवनाची, उपडं नरसाळं आणि कापसाच्या बोळ्यासह, अगदी बिनचूक काढली होती. मी आकृतीचे पूर्ण गुण दिले आणि शब्दाखाली रेघ ओढली.